भोंगा वाजला की वाजायचा?
(फ्रेंचमधील ‘अँपार्फे’ या भूतकाळाविषयी)

शाळेत असताना मराठी व्याकरणाच्या तासाला ‘रीतिभूतकाळ’ नावाचा एक प्रकार आपण सर्वांनी पाठ केला आहे. ‘तो रोज पहाटे उठे’, ‘ती देवळात जाई’ अशी त्याची उदाहरणे असत. परीक्षेत दोन गुण मिळाले की त्याचे काम संपले, अशी आपली समजूत. पण महाविद्यालयात फ्रेंच घेतल्यावर हाच विसरलेला रीतिभूतकाळ पुन्हा दारात येऊन उभा राहतो. फ्रेंचमधला ‘अँपार्फे’ हा त्याचा जवळचा नातेवाईक. आमच्या वर्गात या काळाने अनेकांना घाम फोडला आहे. माझ्या मते त्याचे कारण एकच. आपण फ्रेंच शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि या ठिकाणी इंग्रजीचा खांदा फारसा उपयोगी पडत नाही. मराठीचा पडतो. तो कसा, हे या लेखात दाखवायचे आहे. उदाहरणे मी आपल्या लालबागचीच घेतली आहेत, आणि फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

प्रथम रूप कसे तयार होते ते पाहू. वर्तमानकाळातले ‘आम्ही’चे, म्हणजे ‘नू’चे रूप घ्यायचे. त्याच्या शेवटचा ‘ओं’ हा प्रत्यय काढून टाकायचा. उरेल ते अंग. त्या अंगाला अँपार्फेचे प्रत्यय लावायचे. ‘बोलणे’ या अर्थाचे क्रियापद घ्या. ‘आम्ही बोलतो’ म्हणजे ‘नू पार्लों’. त्यातला ‘ओं’ काढला की ‘पार्ल’ उरते. आता ‘मी बोलायचो’ म्हणजे ‘ज पार्ले’, ‘तू बोलायचास’ म्हणजे ‘त्यू पार्ले’, ‘तो बोलायचा’ म्हणजे ‘इल पार्ले’ आणि ‘ते बोलायचे’ हेही ‘इल पार्ले’च. फक्त ‘आम्ही’ला ‘पार्लियों’ आणि ‘तुम्ही’ला ‘पार्लिये’ होते. म्हणजे सहापैकी चार रूपे कानाला सारखीच लागतात. फरक फक्त लिहिण्यात. मी आणि तू यांच्यासाठी शेवटी ए-आय-एस ही अक्षरे, तो किंवा ती यांच्यासाठी ए-आय-टी, आणि ते यांच्यासाठी ए-आय-ई-एन-टी. (दादरपलीकडचे विलेपार्ले वर्गात कितीदा आठवले, ते विचारू नका.)

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. ‘मी’चे रूप सोडून ‘आम्ही’च्या रूपाकडे जाण्याचे कारण काय? ‘पार्ले’सारख्या सरळ क्रियापदात कोणतेही रूप चालले असते. पण ‘पिणे’ पाहा. ‘मी पितो’ म्हणजे ‘ज ब्वा’, आणि ‘आम्ही पितो’ म्हणजे ‘नू ब्युव्हों’. दोन्हींत काही साम्य आहे असे वाटतही नाही. अँपार्फे तयार होतो तो दुसऱ्यापासून: ‘ज ब्युव्हे’, मी प्यायचो. ‘संपवणे’ पाहा: ‘मी संपवतो’ म्हणजे ‘ज फिनी’, पण ‘आम्ही संपवतो’ म्हणजे ‘नू फिनिसों’, म्हणून ‘ज फिनिसे’. ‘घेणे’ पाहा: ‘ज प्रां’, पण ‘नू प्रनों’, म्हणून ‘ज प्रने’.

यामागचे कारण फ्रेंचच्या जन्मकथेत आहे. फ्रेंच ही लॅटिनची लेक. लॅटिन शब्द उच्चारताना त्यातल्या एका अवयवावर जोर पडत असे. ‘मी’च्या रूपात तो जोर बहुधा अंगावर पडे, तर ‘आम्ही’च्या रूपात तो प्रत्ययावर सरके. शतकानुशतके बोलता बोलता, ज्या अंगावर जोर पडला त्याचा स्वर एका वाटेने बदलला आणि ज्यावर पडला नाही त्याचा दुसऱ्या वाटेने. अँपार्फेच्या प्रत्ययांवरही जोर असे, म्हणून त्याचे अंग ‘आम्ही’च्या अंगासारखेच राहिले. थोडक्यात, वैयाकरणांनी आपल्याला छळण्यासाठी ‘आम्ही’ निवडलेला नाही. ही दोन रूपे मुळातच एका घरात वाढली. ‘तुम्ही’चे रूपही बहुतेक वेळा चालले असते. परंतु ‘करणे’ आणि ‘म्हणणे’ या अगदी रोजच्या क्रियापदांत ‘तुम्ही’ने वेगळाच वेष घेतला आहे: ‘व्हू फेत’, ‘व्हू दीत’. ‘आम्ही’ मात्र ‘नू फझों’, ‘नू दिझों’ असा नियमात राहिला. म्हणून तोच भरवशाचा.

अपवाद एकच लक्षात ठेवावा लागतो, तो ‘असणे’चा. ‘आम्ही आहोत’ म्हणजे ‘नू सॉम’. येथे काढायला ‘ओं’च नाही. म्हणून त्याचे अंग वेगळे, ‘एत’. त्यापासून ‘जेते’ (मी होतो) आणि ‘इल एते’ (तो होता). प्रत्यय मात्र तेच. शिवाय ‘पाऊस पडणे’ यासारख्या क्रियापदांना ‘आम्ही’चे रूपच नसते, कारण ‘आम्ही पाऊस पडतो’ असे कोणी म्हणत नाही. तेथे मूळ क्रियापदावरूनच ‘इल प्लव्हे’, म्हणजे ‘पाऊस पडत होता’, असे करतात. लिहिताना आणखी एक काळजी. ‘अभ्यास करणे’ याचे ‘आम्ही’चे वर्तमानकाळी रूप ‘नू एत्युदियों’ आणि अँपार्फेचे रूपही जवळजवळ तसेच ऐकू येते. पण अँपार्फेत आय हे अक्षर दोनदा लिहावे लागते, एक अंगाचे आणि एक प्रत्ययाचे. एक आय गळाला की भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो.

रूप झाले. आता खरा प्रश्न. हे रूप वापरायचे केव्हा?

बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये भूतकाळ सांगण्याची दोन मुख्य साधने आहेत. एक अँपार्फे, दुसरे ‘पासे कोंपोझे’. पासे कोंपोझे हे ‘असणे’ किंवा ‘जवळ असणे’ या क्रियापदाच्या मदतीने होते आणि घडून पुरी झालेली गोष्ट सांगते. ‘भोंगा वाजला’ म्हणजे ‘ला सिरेन आ सोने’. अँपार्फे या शब्दाचा अर्थच ‘अपूर्ण’. जी गोष्ट सांगणारा तिच्या आत उभा राहून पाहतो, जिची सुरुवात कोठे आणि शेवट कोठे याकडे त्याचे लक्ष नसते, ती अँपार्फेत जाते. ‘ला सिरेन सोने’ म्हणजे ‘भोंगा वाजायचा’ किंवा ‘भोंगा वाजत होता’. कानाला फरक फक्त मधल्या ‘आ’चा, शेवटचा ‘ए’ थोडा उघडा. अर्थात मात्र एक दिवस आणि एक जमाना यांच्याइतका फरक.

इंग्रजीतला साधा भूतकाळ हा फरक झाकून टाकतो. ‘तो गिरणीत काम केला’ आणि ‘तो गिरणीत काम करायचा’ या दोहोंसाठी इंग्रजीत एकच साधे रूप चालून जाते. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला म्हणून दर वेळी अडखळावे लागते. मराठीत तसे नाही. मराठी बोलणारा तोंड उघडताच निवड करून मोकळा होतो. उलट आपल्याजवळ फ्रेंचपेक्षा जास्त रूपे आहेत. सवयीसाठी ‘जायचा’, ‘जात असे’ आणि जुन्या वळणाचे ‘जाई’. चालू क्रियेसाठी ‘जात होता’. नुसत्या स्थितीसाठी ‘होता’. ही सगळी पोती फ्रेंच एकाच गोदामात ठेवतो, आणि त्या गोदामाचे नाव अँपार्फे. शाळेत ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हणून आपण शिकलो तो फक्त ‘जात होता’. नावाने फसून अँपार्फे म्हणजे तेवढेच, असे कोणी समजू नये.

एक उतारा घेऊन पाहू. हा मी या लेखासाठीच रचला आहे. पण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेला संप ज्या घरांनी पाहिला, त्यांना तो परका वाटणार नाही.

“जानेवारीतली सकाळ होती. थंडी होती. चाळीच्या नळावर बायका पाणी भरत होत्या. आजोबा रोज भोंग्याबरोबर उठायचे, चहा प्यायचे, डबा घ्यायचे आणि निघायचे. त्या दिवशी ते उठले, चहा प्याले, पण डबा घेतला नाही. फाटकाबाहेर माणसे उभी होती. भोंगा वाजला. कोणी आत गेले नाही.”

पहिली तीन वाक्ये म्हणजे पडदा. नाटक सुरू होण्याआधी रंगमंचावर जे दिसते ते. सकाळ केव्हा सुरू झाली, थंडी केव्हा संपली, बायकांच्या बादल्या भरल्या की नाही, याच्याशी कथेला कर्तव्य नाही. म्हणून तिन्ही अँपार्फेत. ‘होती’ला ‘एते’. ‘थंडी होती’ला फ्रेंच ‘करणे’ हे क्रियापद वापरतो, म्हणून ‘इल फझे फ्रवा’. बायका पाणी भरत होत्या, ‘ले फाम रांप्लिसे’. येथे ‘नू रांप्लिसों’मधला ‘स’ कसा आपोआप आला ते पाहा.

चौथे वाक्य सवयीचे. ‘रोज’ आहेच, पण ‘रोज’ नसते तरी ‘उठायचे’नेच काम केले असते. ‘इल स लव्हे, इल ब्युव्हे, इल प्रने, इल सोर्ते.’ चारही क्रिया एकामागून एक होतात, तरी अँपार्फेच. येथे पुष्कळांची गल्लत होते. क्रमाने घडले म्हणजे पासे कोंपोझे, असा एक सोपा नियम वर्गात फिरत असतो. तो अपुरा आहे. हा क्रम एका सकाळचा नाही, हजारो सकाळींचा आहे. आणि त्या हजारोंची मालिका कोठे सुरू झाली व कोठे थांबली हे वाक्य सांगत नाही.

पाचव्या वाक्यात ‘त्या दिवशी’ आले आणि मराठीचे प्रत्यय बदलले: उठले, प्याले, घेतला नाही. फ्रेंचही बदलतो: ‘इल से लव्हे, इल आ ब्यू, इल ना पा प्री.’ ‘स लव्हे’ म्हणजे उठायचे आणि ‘से लव्हे’ म्हणजे उठले. एका मात्रेत संपाची सकाळ रोजच्या सकाळीपासून वेगळी झाली. हेच वाक्य चुकून अँपार्फेत घातले, तर फ्रेंच वाचकाला काय कळेल? आजोबा रोज उठायचे, चहा प्यायचे आणि डबा कधीच घेत नसत! म्हणजे आजोबांची खोड कळेल, संप कळणार नाही. उताऱ्याचा सगळा जीव त्या एका डब्यात आहे, आणि तो जीव काळाच्या निवडीवर टांगलेला आहे.

सहाव्या वाक्यात पुन्हा पडदा. माणसे उभी होती, अँपार्फे. मग ‘वाजला’ आणि ‘गेले नाही’ या दोन घटना, पासे कोंपोझेत. उभे राहणे हे आधीपासून पसरलेले आहे. भोंगा त्याच्यावर येऊन पडतो. फ्रेंचमधल्या कथनाची वीण बहुतेक ठिकाणी अशीच असते: अँपार्फेचे जोते आणि त्यावर घटनांची पावले.

एवढ्यावरून असे वाटेल की मराठीकडे पाहून डोळे मिटून भाषांतर करावे. तसे मात्र नाही. दोन ठिकाणी मराठी आपल्याला चकवते.

पहिले ठिकाण मोजलेल्या काळाचे. ‘ते वीस वर्षे गिरणीत काम करत होते’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात ‘करत होते’ आहे म्हणून अँपार्फे घातला तर चूक. वीस वर्षे म्हटले की कुंपण घातले गेले; पूर्ण लांबी मोजून झाली. फ्रेंच येथे पासे कोंपोझे मागतो: ‘इल आ त्राव्हाये व्हेंतां’, म्हणजे त्यांनी वीस वर्षे काम केले. पण वाक्य असे असेल: ‘संप सुरू झाला तेव्हा ते वीस वर्षांपासून गिरणीत काम करत होते’, तर अँपार्फेच बरोबर. येथे वीस वर्षे संपलेली नाहीत. संप आला त्या क्षणी ती चालूच होती. फ्रेंच ‘दप्वी’ हा शब्द घालतो, तो आपल्या ‘पासून’सारखा. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न ‘किती काळ चालले?’ हा नाही. ‘हा काळ मी शेवटापर्यंत मोजून बंद केला आहे का?’ हा आहे.

संख्येचेही असेच. ‘त्या दिवशी भोंगा तीन वेळा वाजला’ हे मोजून झाले, म्हणून पासे कोंपोझे. ‘भोंगा दिवसातून तीन वेळा वाजायचा’ यातही तीनच, पण हे तीन दिवसाला आहेत. एकूण किती, ते मोजलेले नाही. म्हणून अँपार्फे. आकडा दिसला की पासे कोंपोझे, असा नियम कोणी वहीत लिहून घेतला असेल तर त्याने तो खोडावा.

लालबागच्याच इतिहासातून याचे एक चांगले उदाहरण मिळते. येथला पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद झाला; कोळी आणि व्यापारी उघड्यावर बसून माल विकत; कायमच्या बाजारासाठी त्यांनी गणपतीला नवस केला; आणि १९३४ साली आज ‘लालबागचा राजा’ म्हणून ओळखला जाणारा गणपती बसला, असे सांगतात. यात ‘बंद झाला’, ‘नवस केला’, ‘बसला’ ही पावले, पासे कोंपोझेत. ‘विकत’ हा जुन्या वळणाचा रीतिभूतकाळ, म्हणून ‘इल व्हांदे’. पण तीच गोष्ट ‘त्यांनी दोन वर्षे उघड्यावर माल विकला’ अशी सांगितली की ‘इल झों व्हांद्यू’. माणसे तीच, ऊन तेच, माल तोच. पहिल्या वाक्यात आपण त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसलो आहोत. दुसऱ्यात १९३४ च्या या बाजूला उभे राहून मागे पाहत आहोत.

दुसरे चकवणारे ठिकाण आपल्या बसण्या-उठण्याच्या क्रियापदांचे. ‘तो गावी गेला होता’ हा आपला पूर्ण भूतकाळ, आणि फ्रेंचमध्ये त्याला वेगळा काळ आहे. पण ‘तो झोपला होता’, ‘ती नऊवारी नेसली होती’, ‘म्हातारा ओट्यावर बसला होता’ ही वाक्ये पाहा. प्रत्यय तेच, ‘ला होता’, ‘ली होती’. अर्थ मात्र वेगळा. ‘झोपला होता’ म्हणजे त्या वेळी झोपेत होता. हे वर्णन आहे, पडदा आहे. फ्रेंच येथे अँपार्फे वापरतो: ‘इल दोर्मे’, ‘एल पोर्ते’, ‘इल एते आसी’. मराठी माणसाचे फ्रेंच निबंध तपासताना ही चूक हमखास सापडेल, आणि इंग्रजीतून आलेल्या पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेखही नसेल, कारण ती चूक फक्त आपलीच आहे. ओळखण्याची खूण सोपी. वाक्यात ‘तेव्हा’ घालून पाहावे. ‘मी आलो तेव्हा तो झोपला होता’ यात मी आलो त्या क्षणी झोप चालू आहे, अँपार्फे. ‘मी आलो तेव्हा तो गेला होता’ यात जाणे आधीच उरकले आहे, अँपार्फे नाही.

याउलट मनाच्या क्रियापदांत मराठी कान पक्का आहे, आणि इंग्रजीचा तेथे पाय घसरतो. ‘मला माहीत होते’ म्हणजे ‘ज साव्हे’. ‘मला कळले’ म्हणजे ‘जे स्यू’. फ्रेंचला क्रियापद एकच, ‘साव्ह्वार’. काळ बदलला की अर्थ बदलतो. ‘भीती वाटत होती’ म्हणजे ‘जाव्हे पर’. ‘भीती वाटली’ म्हणजे ‘जे यू पर’. हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. आजी गोष्ट सांगताना तो पाळतेच.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ‘भोंगा वाजायचा’ असे मराठीत म्हटले की ऐकणाऱ्याला आपोआप कळते, आता वाजत नाही. आपल्या ‘आयचा’त एक निरोप असतो. अँपार्फेत तो असेलच असे नाही. ‘ला सिरेन सोने’ एवढेच म्हटले तर फ्रेंच माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहील: भोंगा वाजत होता, मग काय झाले? आता वाजत नाही हे सांगायचे असेल तर ‘ओत्रफ्वा’, म्हणजे ‘पूर्वी’, हा शब्द जोडावा लागतो. अपूर्ण काळ आपल्या नावाला जागतो. शेवट सांगणे हे त्याचे काम नाही. लालबागच्या कोणत्याही घरात गिरणीच्या गोष्टी ऐकायला बसलो, तर त्या ‘आयचा’नेच भरलेल्या असतात. फ्रेंचमध्ये त्या लिहिताना प्रत्येक ‘आयचा’ अँपार्फेत नीट उतरेल. त्यातला निरोप मात्र आपल्यालाच ‘ओत्रफ्वा’ लिहून द्यावा लागेल.